‘असू शकतो’ आणि ‘असणारच’ यांच्यामधलं अंतर : सारडा खटल्याचा अभ्यास

12 जून 1982 च्या सकाळी पुण्यात एक तरुण विवाहिता आपल्या राहत्या घरात मृतावस्थेत आढळली. तिचं लग्न त्याच वर्षी 11 फेब्रुवारीला झालं होतं, म्हणजे जेमतेम चार महिन्यांचा संसार. मृत्यू पोटॅशियम सायनाइडमुळे झाला होता. खुनाचा खटला पतीवर उभा राहिला. पुण्याच्या सत्र न्यायालयाने त्याला फाशीची शिक्षा दिली आणि मुंबई उच्च न्यायालयाने ती कायम केली. 17 जुलै 1984 रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याला निर्दोष सोडलं.

‘सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या नावाने हा निकाल कायद्याच्या विद्यार्थ्यांना परिचित आहे. परिस्थितिजन्य पुराव्याची पाच तत्त्वं त्यात एकत्र मांडलेली आहेत. न्यायमूर्ती फझल अली यांनी त्यांना पंचशील म्हटलं, आणि आजही देशभरातले वकील आपल्या युक्तिवादात त्यांचा आधार घेतात. मला मात्र हा निकाल वेगळ्या कारणासाठी महत्त्वाचा वाटतो. एखाद्या निष्कर्षात ‘असू शकतो’ लिहायचं, ‘असावा’ लिहायचं की ‘असणारच’, हे केवळ भाषेच्या आवडीनिवडीवर सोडता येत नाही आणि त्यावर माणसाचा जीव अवलंबून असू शकतो, हे इतक्या स्पष्टपणे दाखवणारं दुसरं उदाहरण माझ्या पाहण्यात नाही. तिन्ही न्यायालयांपुढे जवळपास तोच पुरावा होता. बदललं ते निष्कर्षाचं क्रियापद.

हातात काय होतं ते आधी पाहू. विष देताना कोणी पाहिलेलं नव्हतं, त्यामुळे सगळी मदार परिस्थितीवर होती. पत्नीने आपल्या बहिणीला आणि मैत्रिणीला लिहिलेली पत्रं होती. त्यांतून तिची उदासी आणि लग्नाबद्दलची निराशा दिसत होती. माहेरच्या माणसांच्या साक्षी होत्या. पतीचे दुसऱ्या स्त्रीशी संबंध असल्याचा आरोप होता. त्या रात्री पती घरी आला होता आणि पत्नीजवळ होता, असं सरकार पक्षाचं म्हणणं होतं. मृत्यूनंतरच्या त्याच्या वागण्यावर आणि त्याने दिलेल्या स्पष्टीकरणांवरही बोट ठेवलं गेलं. बचाव पक्षाचं म्हणणं असं, की मनाने खचलेल्या त्या मुलीने आत्महत्या केली असू शकते.

विषप्रयोगाचा खून सिद्ध करायचा तर चार गोष्टी तपासायला हव्यात, असं सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं. आरोपीकडे स्पष्ट हेतू होता का, मृत्यू त्या विषानेच झाला का, विष आरोपीच्या ताब्यात होतं का, आणि ते देण्याची संधी त्याला होती का. या खटल्यात त्यातल्या दोन गोष्टी सिद्ध झाल्या असं न्यायालयाने मानलं. मृत्यू सायनाइडने झाला होता आणि पतीला संधी होती. हेतू आणि विषाचा ताबा या दोन बाबतींत पुरावा अपुरा पडला. पतीकडे सायनाइड होतं किंवा त्याने ते कुठून मिळवलं, याचा काहीच पुरावा नव्हता.

आता सरकार पक्षाचा युक्तिवाद एकेका वाक्यात मांडून प्रत्येक वाक्याला कोणतं क्रियापद शोभतं ते बघू.

‘तिचा मृत्यू सायनाइडने झाला.’ इथे ‘झाला’ पुरेसं आहे. प्रयोगशाळेचा अहवाल आहे आणि दोन्ही पक्षांचा त्यावर वाद नाही. ‘झाला असावा’ असं लिहिलं तर उलट पुराव्यावर अन्याय होईल, कारण मुद्दा पक्का असताना शब्द सैल ठेवणं हीसुद्धा चूकच. ‘पतीला संधी होती’ हेही सरळ विधान चालेल. ‘पती-पत्नीत बेबनाव होता’ इथे थोडं थांबावं लागतं. पत्रं आहेत, पण ती एकाच बाजूची आहेत आणि नातेवाइकांच्या साक्षी मृत्यूनंतरच्या आहेत. ‘होता असं दिसतं’ किंवा ‘असावा’ इतकं म्हणता येईल. ‘त्यामुळे पतीला पत्नी नकोशी झाली होती’ हे आणखी एक पाऊल पुढचं. संसारात सुख नाही म्हणून कोणी खुनापर्यंत जातोच असं नाही, त्यामुळे इथे ‘झाली असेल’ यापलीकडे जाता येत नाही. ‘त्याने सायनाइड मिळवलं’ यासाठी पुरावाच नाही, तेव्हा फार तर ‘मिळवलं असू शकतं’. आणि या सगळ्यानंतर शेवटचं वाक्य येतं : ‘म्हणून पतीनेच तिला विष दिलं असणार.’

वाचताना ही चढण जाणवतेही, पण कोर्टात, वर्तमानपत्रात किंवा चावडीवर युक्तिवाद असा एकेका वाक्यात सुटा करून कोणी ऐकवत नाही. सगळं एका दमात सांगितलं जातं आणि ऐकणाऱ्याच्या मनात मधल्या ‘असावा’ आणि ‘असेल’चं हळूहळू ‘आहे’ होतं. पहिल्यांदा उच्चारताना ‘बेबनाव असावा’ असतं, दुसऱ्यांदा ‘जो बेबनाव होता त्यामुळे’ होतं, आणि तिसऱ्यांदा तो बेबनाव पुढच्या अनुमानाचा पक्का पाया बनतो. मधे नवा पुरावा काहीच आलेला नसतो. युक्तिवाद तपासताना मी सर्वांत आधी हेच शोधतो : एखादी गोष्ट पहिल्यांदा आली तेव्हा तिच्या क्रियापदात काय होतं, आणि ती शेवटी आली तेव्हा काय उरलं.

या खटल्यात सर्वांत फसवी जागा मात्र दुसरीच आहे आणि तिच्यावर थोडं रेंगाळायला हवं. पुढचं वाक्य वाचा. ‘तिला जर दुसऱ्या कोणी विष दिलं असेल, तर ते पतीनेच दिलं असणार.’ हे वाक्य बऱ्यापैकी पटण्याजोगं आहे. रात्री तिच्याजवळ तोच होता आणि संधी त्यालाच होती. पण ‘असणार’ या शब्दाचा जोर इथे कशावर आहे? तो ‘जर’ आणि ‘तर’ यांच्या नात्यावर आहे. दुसऱ्याने विष दिलं, हे एकदा मान्य केलं की पतीपर्यंत पोहोचणं जवळजवळ अटळ होतं. मात्र दुसऱ्याने विष दिलं हे मुळात खरं आहे का, याबद्दल हे वाक्य एक अक्षरही बोलत नाही. तो ‘जर’ अजून उघडाच आहे.

ऐकणारा नेमका इथे घसरतो. ‘जर-तर’मधला ‘असणार’ तो उचलतो, ‘जर’ गाळून टाकतो आणि त्याच्या हातात उरतं ‘पतीनेच दिलं असणार’. जोर होता नात्याला, तो बसला निष्कर्षाला. तर्कशास्त्रात ही जुनी, ओळखीची चूक आहे आणि हुशार माणसंही ती करतात, कारण प्रत्येक शब्द खरा वाटत राहतो. सारडा खटल्यात सगळा वाद त्या ‘जर’वरच होता. खून की आत्महत्या? ती आत्महत्या असेल तर रात्री पती जवळ होता या गोष्टीचं वजन फारच कमी होतं, कारण नवरा घरात असणं यात विशेष ते काय? संधीचा पुरावा ‘कोणी केलं’ या प्रश्नाला उत्तर देतो. ‘कोणी केलं का’ या प्रश्नाला तो जवळपास मुकाच राहतो. आपल्याकडचा पुरावा नेमक्या कोणत्या प्रश्नाचं उत्तर आहे हे ठरवल्याशिवाय क्रियापदाचा जोर ठरवताच येत नाही.

मराठीत आणखी एक लहानसं अक्षर यात भर घालतं, ते म्हणजे ‘च’. ‘पतीने विष दिलं’ आणि ‘पतीनेच विष दिलं’ यांत फरक आहे. दुसऱ्या वाक्यात दोन दावे आहेत : त्याने दिलं हा एक, आणि दुसरं कोणी किंवा दुसरं काही कारणीभूत नव्हतं हा दुसरा. या दुसऱ्या दाव्यासाठी वेगळा पुरावा लागतो, बाकीच्या शक्यता मोडून काढणारा. पंचशीलातल्या चौथ्या तत्त्वात हेच सांगितलं आहे : सिद्ध करायच्या शक्यतेखेरीज इतर प्रत्येक शक्यता परिस्थितीने बाद केली पाहिजे. पण बोलताना आपण ‘च’ बहुतेक वेळा ठासून सांगण्यासाठी वापरतो. दाव्याला पुरावा कमी पडतो तिथे आवाज चढतो, आणि मराठीत आवाज चढला की ‘च’ येतो. एखाद्या युक्तिवादात ‘च’ दिसला की विचारावं, दुसरी शक्यता कुठल्या पुराव्याने मोडली? उत्तर मिळालं तर तो ‘च’ कमावलेला आहे.

‘असणार’ या रूपाचा स्वभावही इथे समजून घेण्यासारखा आहे. खिडकीतून पाऊस दिसत असेल तर आपण ‘पाऊस पडतोय’ म्हणतो. अंगण ओलं दिसलं तर ‘पाऊस पडला असणार’ म्हणतो. ‘असणार’ कितीही ठाम वाटला तरी आपण पाऊस पाहिलेला नाही, खुणांवरून ओळखला आहे, अशी कबुली त्यात असते. म्हणून प्रत्यक्षदर्शी साक्षीदार ‘त्याने मारलं’ म्हणतो आणि परिस्थितिजन्य पुराव्यावर बोलणारा सरकारी वकील ‘त्यानेच मारलं असणार’ म्हणतो. यात कमीपणा काही नाही. खुणा भक्कम असतील तर अनुमान प्रत्यक्ष साक्षीइतकंच, कधी त्याहूनही विश्वासार्ह असतं, कारण माणसं खोटं बोलतात आणि ओलं अंगण खोटं बोलत नाही. मात्र अंगण ओलं दिसल्यावर कोणी पाणी शिंपडलं होतं का, हे विचारावंच लागतं. ‘असणार’ म्हणायचा हक्क त्या प्रश्नाचं उत्तर शोधल्यानंतर मिळतो.

सर्वोच्च न्यायालयाने पहिल्याच तत्त्वात या अंतरावर बोट ठेवलं. ज्या परिस्थितींवरून दोष ठरवायचा त्या पूर्णपणे सिद्ध झालेल्या असल्या पाहिजेत. ‘सिद्ध झालेल्या असू शकतात’ एवढ्यावर भागणार नाही. यासाठी न्यायालयाने 1973 च्या ‘बोबडे विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या निकालाचा आधार घेतला. त्यात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी लिहिलं होतं, की आरोपी दोषी असू शकतो एवढ्याने शिक्षा देता येत नाही, तो दोषी असलाच पाहिजे. या दोन शब्दांमधलं मानसिक अंतर लांबचं आहे आणि धूसर तर्क एका बाजूला तर खात्रीचे निष्कर्ष दुसऱ्या बाजूला, अशी वाटणी ते अंतर करतं.

बारकाईने वाचलं तर इथे दोन वेगळे ‘पाहिजे’ शेजारी आले आहेत. ‘आरोपी दोषी असला पाहिजे’ हा अनुमानाचा पाहिजे आहे. पुरावा पाहता दुसरा निष्कर्ष निघत नाही, असा त्याचा अर्थ. ‘परिस्थिती सिद्ध झाली पाहिजे’ हा कर्तव्याचा पाहिजे आहे; सरकार पक्षावर तशी जबाबदारी आहे, असा त्याचा अर्थ. बोबडे निकालातला शब्द पहिल्या जातीचा होता. सारडा निकालाने तो दुसऱ्या जातीच्या वाक्यात वापरला. निकाल त्यामुळे चुकीचा ठरत नाही, माझ्या मते तो बरोबरच आहे. पण वाचणाऱ्यांचा गोंधळ उडतो आणि पाठांतराने तो पक्का होतो. एक पातळी आहे प्रत्येक परिस्थिती सिद्ध होण्याची, दुसरी आहे सगळ्या परिस्थितींवरून दोष सिद्ध होण्याची. दुवे सगळे पक्के असूनही त्यांतून आरोपीचा दोष निघत नाही, असं होऊ शकतं. या खटल्यात पतीला संधी होती हा दुवा पक्का होता. तेवढ्याने निष्कर्ष पक्का झाला नाही.

दुव्यांचा विषय निघालाच आहे तर साखळीची कल्पनाही जरा तपासू. न्यायालयांना ही कल्पना आवडते आणि पाचवं तत्त्व साखळी पूर्ण असण्याबद्दलच आहे. साखळीत प्रत्येक दुवा आवश्यक असतो. समजा निष्कर्षापर्यंत जायला पाच गोष्टी खऱ्या असाव्या लागतात, त्या एकमेकींवर अवलंबून नाहीत, आणि प्रत्येकीबद्दल आपल्याला 90 टक्के खात्री आहे. सुटी घेतली तर प्रत्येक गोष्ट ‘जवळजवळ नक्की’ वाटेल. पाचही एकाच वेळी खऱ्या असण्याची शक्यता मात्र साधारण 59 टक्के येते. पाच ‘जवळजवळ नक्की’ मिळून निघतो एक ‘बहुधा’, तोही काठावरचा. न्यायाधीशांनी गुणाकार करावा असं मी म्हणत नाही. खऱ्या खटल्यात या टक्केवाऱ्या कोणाकडे नसतात आणि दुवे एकमेकांत गुंतलेले असतात. दिशा तेवढी लक्षात घ्यायची. आवश्यक पायऱ्या वाढतात तसा निष्कर्षाचा शब्द मऊ व्हायला हवा. प्रत्यक्षात उलट घडतं, कारण लांबलचक गोष्ट अधिक तपशीलवार असते आणि तपशील वाचणाऱ्याला खरा वाटतो.

सगळेच पुरावे असे साखळीसारखे जोडलेले नसतात हेही खरं. तीन अनोळखी माणसांनी तीन वेगळ्या जागांवरून आरोपीला ओळखलं, तर त्यातला एक चुकला तरी बाकीचे दोघे उभे राहतात आणि इथे संख्या वाढली की ‘असावा’चा ‘असणार’ करण्याचा हक्क मिळतो. म्हणून पुराव्यांची नुसती यादी मोजून काही कळत नाही. प्रत्येक मुद्दा दुसऱ्यावर उभा आहे की स्वतंत्रपणे निष्कर्षाला टेकू देतो आहे, हे बघावं लागतं. सारडा खटल्यात एकाच प्रकारच्या मुद्द्यांची गर्दी होती. पत्रांमधलं दुःख, नातेवाइकांनी ऐकलेलं दुःख आणि मैत्रिणीला सांगितलेलं दुःख ही सगळी एकाच गोष्टीची, तिच्या मनःस्थितीची, साक्ष होती. आणि ती साक्ष दोन्ही बाजूंना लागू पडत होती. नवऱ्याच्या वागण्याने खचलेली बायको हे चित्र खुनाच्या कहाणीत बसतं, तसंच आत्महत्येच्या कहाणीतही बसतं. दोन्ही कहाण्यांत सारखा बसणारा पुरावा कितीही हृदयद्रावक असला तरी त्या दोघींमध्ये निवड करायला उपयोगी पडत नाही. ही पत्रं वाचताना मन हेलावणारच. त्या हेलावण्यातून ‘असणार’ निघत नाही.

पतीच्या खोट्या ठरलेल्या स्पष्टीकरणांबद्दलही न्यायालयाने अशीच रेषा आखली. माणूस खोटं बोलला तर तो काहीतरी लपवत असावा, इथपर्यंत येणं रास्त आहे. पण खोटी सबब ही पूर्ण झालेल्या साखळीतला आणखी एक दुवा म्हणूनच धरता येते. अपुरी साखळी तिने पूर्ण होत नाही. सरकार पक्षाने आपल्या पायांवर उभं राहायचं असतं, बचावाच्या दुबळेपणावर नाही.

इतकं वाचून कोणी म्हणेल, मग ‘असणारच’ कधी म्हणताच येणार नाही, कुठेतरी काहीतरी शक्यता उरतेच. यावर उत्तर बोबडे निकालातच आहे. अंतराचं ते प्रसिद्ध वाक्य ज्या निकालात आहे, त्याच निकालाने आरोपींची शिक्षा कायम ठेवली होती. संशयाच्या फायद्याचा अतिरेक करू नका, दोषी माणूस सहज सुटला तर समाजाचं नुकसान होतं, असा इशाराही त्यात होता. पाचव्या तत्त्वाची शब्दरचना बघा : साखळी अशी हवी, की मानवी संभवनीयतेच्या कक्षेत ते कृत्य आरोपीनेच केलं असलं पाहिजे असं दिसावं. ‘संभवनीयता’ आणि ‘असलं पाहिजे’ एकाच वाक्यात आहेत, आणि यात विसंगती नाही. 1872 च्या पुरावा कायद्यात ‘सिद्ध’ या शब्दाची व्याख्याही अशीच होती : एखादी गोष्ट इतकी संभवनीय आहे की शहाण्या माणसाने ती खरी धरून वागावं. कायद्यातला ‘असणारच’ म्हणजे गणितातली सिद्धता नाही. वाजवी अशी दुसरी शक्यता उरलेली नाही, एवढंच त्याने म्हणायचं असतं.

म्हणजे सगळा भार ‘वाजवी’ या शब्दावर येतो, आणि इथे दोन्ही पक्षांवरचा बोजा सारखा नाही. सरकार पक्षाला ‘असणारच’ सिद्ध करायचं होतं. बचावाला ‘असू शकते’ एवढंच, पण तो ‘असू शकते’ रिकामा चालत नाही. परग्रहावरून कोणी येऊन विष दिलं असू शकतं, हेही ‘असू शकतं’च आहे. आत्महत्येची शक्यता तशी नव्हती. तिला आधार होता. पत्रांतून दिसणारं हळवं, खचलेलं मन होतं. सायनाइड पत्नीला मिळू शकलं असतं असा एक मार्ग साक्षीतून पुढे आला होता. पतीला ते कुठून मिळालं असेल याचा तसा पुरावा मात्र नव्हता. आधार असलेला एक ‘असू शकते’ समोर आला की ‘असणारच’ टिकत नाही. संशय कितीही दाट असला तरी तो पुराव्याची जागा घेऊ शकत नाही, हे न्यायालयांचं नेहमीचं वाक्य इथे अक्षरशः लागू पडलं.

न्यायालयाने स्वतःचा निष्कर्ष कोणत्या शब्दांत मांडला, हे मला सर्वांत शिकण्यासारखं वाटतं. तिने आत्महत्याच केली, असं काही न्यायालयाने ठरवलं नाही. तेवढाही पुरावा नव्हता. पुरावा कायदा तीन अवस्था मानतो : सिद्ध, असिद्ध ठरलेलं, आणि सिद्ध न झालेलं. दुसरीत ‘हे घडलं नाही’ असं कळलेलं असतं. तिसरीत फक्त ‘घडलं हे कळलेलं नाही’. पतीवरचा आरोप तिसऱ्या खणात पडला आणि कायद्याने त्याला तेवढ्यावर सुटका मिळाली. निकालानंतर अशा खटल्यांबद्दल बोलताना एक बाजू ‘तो सुटला, म्हणजे ती आत्महत्याच होती’ म्हणते आणि दुसरी ‘तो सुटला, पण खून त्यानेच केला’. दोन्ही वाक्यांतला ‘च’ पुराव्याबाहेरचा आहे.

या कठोर मापाची किंमत खरी आहे आणि ती झाकून ठेवता कामा नये. घराच्या चार भिंतींत बाई मेली की साक्षीदार नसतात. जी सांगू शकली असती ती गेलेली असते. प्रत्येक दुव्यासाठी तेवढाच पक्का पुरावा मागितला तर असे गुन्हे कायमचे ‘सिद्ध न झालेले’ राहण्याचा धोका असतो. न्यायालयांनी पुढे याचा विचार केला. 1988 मध्ये पंजाबातल्या एका विषप्रयोगाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की विषाच्या ताब्याचा पुरावा प्रत्येक वेळी हवाच असा हट्ट धरू नये; बाकीचा पुरावा निर्विवाद असेल तर तेवढ्यासाठी आरोपी सुटू नये. 2006 मध्ये महाराष्ट्रातल्याच एका विवाहितेच्या मृत्यूच्या खटल्यात न्यायालयाने सांगितलं, की घरात घडलेल्या गुन्ह्याबद्दल घरातल्या माणसांनी काहीतरी पटण्याजोगं स्पष्टीकरण द्यायला हवं. ते दिलं नाही किंवा खोटं दिलं, तर साखळीला तो आणखी एक दुवा मिळतो. म्हणजे कुठला पुरावा किती वजनाचा धरायचा, हे बदललं. ‘असू शकतो’वर शिक्षा द्यावी, असं मात्र या निकालांनीही म्हटलं नाही.

संसदेने वेगळी वाट धरली आणि शब्दांच्या दृष्टीने ती फार लक्षवेधी आहे. पुरावा कायद्यात गृहीतकांच्या पायऱ्या आधीपासून होत्या : न्यायालयाला एखादी गोष्ट ‘गृहीत धरता येईल’, किंवा त्याने ती ‘गृहीत धरलीच पाहिजे’. 1983 मध्ये कलम 113अ आलं. लग्नानंतर सात वर्षांच्या आत स्त्रीने आत्महत्या केली आणि पती किंवा सासरच्यांनी तिचा छळ केल्याचं दिसलं, तर त्यांनी आत्महत्येला प्रवृत्त केलं असं न्यायालयाला, इतर सर्व परिस्थिती लक्षात घेऊन, गृहीत धरता येईल. 1986 मध्ये कलम 113ब आलं आणि तिथे शब्द बदलला. मृत्यूच्या थोडं आधी हुंड्यासाठी छळ झाल्याचं दाखवलं, तर न्यायालयाने हुंडाबळी गृहीत धरलाच पाहिजे. तो नव्हता हे दाखवणं मग आरोपीकडे. 2023 च्या नव्या साक्ष अधिनियमात हीच कलमं 117 आणि 118 म्हणून आली आहेत आणि दोन क्रियापदांमधला तो फरक तिथेही जपलेला आहे.

या दोन कलमांत संसदेने ‘असू शकतो’ला ‘असणारच’ म्हणून खपवलं नाही. तिने निष्कर्षच बदलला. 113ब खाली न्यायालय ‘पतीने विष पाजून खून केला’ असं म्हणत नाही. विष कोणाच्या हाताने गेलं, हा प्रश्न तिथे निर्णायक राहत नाही. लग्नाला सात वर्षं झालेली नाहीत, मृत्यू अनैसर्गिक आहे आणि त्याच्या थोडं आधी हुंड्यासाठी छळ झाला आहे, एवढ्या गोष्टी दाखवायच्या असतात. या गोष्टी पत्रांतून, शेजाऱ्यांच्या आणि माहेरच्यांच्या साक्षींतून दाखवता येतात. खुनापेक्षा हा दावा लहान आहे, त्याची शिक्षाही वेगळी आहे : किमान सात वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप, फाशी नाही. सारडा खटल्यातल्या पत्रांना ‘पतीने खून केलाच असणार’ हे वाक्य पेललं नाही. तशाच पत्रांना, त्यांत हुंड्याच्या छळाचा उल्लेख असेल तर, 1986 नंतरचं वाक्य पेलू शकतं.